एकाहत्तरातला एक

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यातून शुक्रवारी संध्याकाळी चाकणच्या ग्राहकाला कोटेशनचा मेल गेला. सहा ड्रिल जिग, दर नगाला ८०,७५० रुपये, म्हणजे ४,८४,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी ८७,२१०. एकूण ५,७१,७१०. जोडलेल्या पीडीएफमध्ये सगळं असंच होतं, पैन्‌पै बरोबर. मेलच्या मजकुरात मात्र एकूण रक्कम पडली ५,१७,७१०. पाठवण्याआधी मेल दोघांनी वाचला होता. एकाने बसून, दुसऱ्याने त्याच्या खांद्यावरून वाकून, हातात चहाचा ग्लास धरून. दोघांनीही "हां, ठीक आहे" म्हटलं होतं. सोमवारी सकाळी ग्राहकाच्या पर्चेसमधून दोन ओळींचा प्रश्न आला: यातला कुठला आकडा धरायचा? आपल्याला कुठला आवडेल हेही त्यांनी आडून सुचवलं होतं.

चूक कुणाच्याही हातून होते. खुपतं ते हे, की चार डोळ्यांखालून जाऊनही ती कुणाला दिसली नाही.

पेठांमधल्या जुन्या छापखान्यांत, खिळे जुळवून मजकूर लागायचा त्या काळात, मुद्रितं तपासायला माणसं जोडीने बसत. एकजण मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचणार, अगदी "स्वल्पविराम", "नवा परिच्छेद" हेसुद्धा उच्चारून, आणि दुसरा समोरच्या ओल्या प्रुफावर पेन्सिल धरून बसणार. त्या पद्धतीत कागद दोन होते, आणि सगळा जोर त्या दोन कागदांवर होता. मेल तपासताना आपल्यासमोर एकच कागद असतो आणि तोही आपणच लिहिलेला. आपल्याला काय म्हणायचं होतं ते डोक्यात तयार असतं, डोळा फक्त मान हलवतो. म्हणून तोच मेल तिसऱ्यांदा वाचण्याला मी तपासणी मानत नाही. नाव, आकडा, जोडलेली फाइल, तारीख, मेल ज्यांना जायचाय ते पत्ते, या प्रत्येकासाठी मेलच्या बाहेरचा दुसरा कागद कुठला, हे आधी ठरवायला हवं. तो सापडत नसेल तर त्या गोष्टीची तपासणी अजून झालेलीच नाही.

आकड्यांपासून सुरुवात करतो, कारण भोसरीची गोष्ट तिथलीच आहे. शाळेत गुणाकाराचा ताळा शिकवायचे ते आठवून पाहा. अंकांची बेरीज एका अंकावर येईपर्यंत करत जायची. ८०,७५० चे अंक मिळवले की २०, पुन्हा २. गुणिले सहा, म्हणजे १२, म्हणजे ३. उत्तर ४,८४,५००, त्याच्या अंकांची बेरीज २१, म्हणजे ३. ताळा जमला. आता हाच ताळा चुकलेल्या आकड्याला लावून बघा. ५,७१,७१० ची बेरीज २१ आणि ५,१७,७१० चीही २१. अंक तेच, फक्त जागा बदललेल्या, त्यामुळे नवाचा ताळा इथे आंधळा ठरतो. अंकांची अदलाबदल ही चूक त्याला कधीच दिसत नाही, आणि घाईत टाइप करताना नेमकी तीच फार होते. गंमत म्हणजे हेच गणित उलट्या बाजूने फार उपयोगी पडतं. दोन रकमांमधला फरक काढायचा आणि त्याला नवाने भाग जातो का ते पाहायचं. ५,७१,७१० वजा ५,१७,७१० म्हणजे ५४,०००, नवाने भागले की ६,०००, बाकी शून्य. हिशेब न जुळणाऱ्या वहीवर बसलेला जुना कारकून फरक नवाने तुटला की बेरजा पुन्हा करत बसत नाही, उलटे लिहिलेले दोन अंक शोधायला लागतो. फरक नवाने तुटला म्हणजे अदलाबदलच झाली असं मात्र नाही. ९०० रुपयांची एक ओळ राहून गेली तरी तो तुटेलच. पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

पण अदलाबदल मुळात झाली कशी?

आकडा तोंडी सांगितला गेला होता. शॉपच्या दारात उभा असलेला माणूस कागद बघून म्हणाला, "पाच लाख एकाहत्तर हजार सातशे दहा", मागे मशीन चालू, आणि टाइप करणाऱ्याच्या कानावर आधी "एका" पडलं. बोट १ वर गेलं. "हत्तर" येईपर्यंत १ उमटला होता, मग ७ त्याच्या मागे आला. आपल्या मराठी संख्यानामांत हा खड्डा कायमचाच आहे: बोलताना एकक आधी, दशक नंतर, आणि लिहिताना बरोबर उलट. चौऱ्याहत्तर ऐकून ४ आधी उमटतो, सत्तेचाळीस ऐकून ७. एकोणसाठ तर आणखी वाईट, त्यात साठ ऐकू येतात आणि लिहायचे असतात ५ आणि ९. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बासष्टला "साठ दोन" असंही म्हणायची वाट दाखवली, तेव्हा पुण्यात आणि बाहेरही केवढा गदारोळ झाला होता! भाषेच्या बाजूने बोलणाऱ्यांशी माझं भांडण नाही, एकाहत्तर हा शब्द मलाही सोडवत नाही. पण कोटेशनची रक्कम सांगताना आणि विशेषतः परत वाचून दाखवताना सुटे अंक बोलावेत: पाच, सात, एक, सात, एक, शून्य. ऐकणाऱ्याने पडद्यावरच्या प्रत्येक अंकाखाली बोट ठेवत जावं. आणि वाचणाऱ्याने मेलमधून वाचू नये, मूळ एक्सेल शीटमधून वाचावं. तोच तो दुसरा कागद.

याच्या पुढची पायरी म्हणजे रक्कम हाताने टाइपच न करणं. पीडीएफमधून उचलून मेलमध्ये चिकटवली की अंक उलटायचा प्रश्न मिटतो, पण चुकीची ओळ उचलली जाण्याचा नवा प्रश्न येतो. कराआधीची बेरीज उचलली आणि पुढे "जीएसटीसह" लिहिलं, असं पाहिलेलं आहे. त्यामुळे मजकुरात एकटी रक्कम न देता तीन आकडे द्यावेत: करपूर्व ४,८४,५००, कर ८७,२१०, एकूण ५,७१,७१०. भोसरीच्या मेलमध्ये हे तीन आकडे एकाखाली एक असते तर शेवटच्या ओळीची बेरीज वाचता वाचताच अडखळली असती. रक्कम अक्षरी लिहायची आपल्याकडे जुनी चाल आहे, आणि चेकवर आकडा व अक्षर यांत फरक पडला तर १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याप्रमाणे अक्षरी रक्कमच धरतात. कोटेशनला तो कायदा लागू नाही, पण वाचणाऱ्याचा कल तसाच असतो. म्हणून साच्यातली अक्षरी ओळ हाताने लिहिलेली आहे का, ते बघायचं. या ग्राहकाला पहिलं कोटेशन ८२,५०० दराचं गेलं होतं, एकूण ५,८४,१०० चं. दुसऱ्या खेपेला दर उतरवला, सूत्रांनी सगळे आकडे आपोआप बदलले, आणि "Rupees Five Lakh Eighty Four Thousand One Hundred Only" ही ओळ जागच्या जागी राहू शकली असती. शीटमधली सूत्रं तिच्यापर्यंत पोचतच नाहीत. स्वल्पविरामाचंही एक आहे. परदेशी ग्राहकाला ५,७१,७१० हा आकडा छापील चुकीसारखा दिसतो. त्याला 571,710 असं लिहून पुढे चलनाची खूण स्पष्ट टाकावी, आणि लाख हा शब्द त्या मेलमध्ये येऊच देऊ नये.

नावांचं दुखणं वेगळं. आकडा चुकला तर पैसे जातात, नाव चुकलं तर कुणी काही बोलत नाही आणि आपल्याला कळतही नाही. चौधरी हे एकच आडनाव घ्या: Chaudhari, Chaudhary, Choudhary, Chowdhary. चारही बरोबर आहेत, फक्त समोरच्या माणसाचं त्यातलं एकच आहे. दीक्षितांचं तेच, Dixit आणि Dikshit. इथे आपली स्मरणशक्ती दुसरा कागद होऊ शकत नाही. ई-मेलचा पत्ताही नाही, कारण तो कंपनीच्या आयटीवाल्याने त्याच्या अकलेने बनवलेला असतो. दुसरा कागद म्हणजे त्या माणसाने स्वतः लिहिलेल्या मेलखालची त्याची सही. तिथून नाव उचलून चिकटवावं, आणि चिकटवताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबावं, म्हणजे त्याच्या सहीचा निळा रंग आणि वेगळा टाइप आपल्या मेलमध्ये येत नाही. "Dear" पुढचं नाव बाकी मजकुराहून किंचित मोठं किंवा जरा करडं दिसलं, की वाचणारा ओळखतो, हे पत्र साच्यातून निघालंय. किरण, शीतल, सुहास अशा नावांना फोनवर बोलणं झालेलं नसताना सर किंवा मॅडम लावू नये, पूर्ण नाव लिहून मोकळं व्हावं.

साच्यातून किंवा जुन्या मेलवरून मजकूर उचलला असेल तर ज्याच्यासाठी तो मुळात लिहिला होता त्या ग्राहकाचं नाव कंट्रोल-एफने शोधायचं. मेलमध्ये शोधायचं आणि जोडलेल्या वर्ड फाइलमध्येही. वर्डमध्ये पानाच्या माथ्यावरच्या आणि तळाच्या पट्टीत स्वतः डोकवावं, कारण नजर तिथे सहसा जात नाही. याहून लपलेली एक जागा आहे. जुन्या फाइलवरून नवी बनवून पीडीएफ केली की फाइलच्या गुणधर्मांतलं शीर्षक जुनंच राहू शकतं. फाइलचं नाव आपण बदललेलं असतं, पानावर सगळं नवं असतं, पण ग्राहक ती ब्राउझरमध्ये उघडतो आणि वरच्या टॅबवर त्याला त्याच्या स्पर्धकाचं नाव दिसतं. वर्डमध्ये फाइल, मग इन्फो, तिथे उजवीकडे टायटल असतं. तिथे एकदा पाहून, जुनं असेल ते खोडून, मगच पीडीएफ करावी. ग्राहकाचा जीएसटी क्रमांक त्याच्या जुन्या पर्चेस ऑर्डरवरून, म्हणजे पीओवरून घ्यावा. पंधरा अक्षरं, पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राला २७, पुढची दहा अक्षरं म्हणजे त्याचा पॅन. सुरुवात २९ ने होत असेल तर नोंदणी कर्नाटकातली आहे, आणि तरी आपल्या कोटेशनमध्ये राज्यातल्या राज्यात विकताना लावतात तो ९ अधिक ९ असा कर मांडलेला असेल तर तिथेच थांबून अकाउंट्सला विचारलेलं बरं.

फाइल जोडली आहे की नाही, हा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. मजकुरात "attached" लिहून काहीच न जोडता सेंड दाबलं तर जीमेल टोकतो. कुठली फाइल जोडली, ते मात्र त्याला कळत नाही. त्यासाठी फोल्डरमधली फाइल उघडून काही साधत नाही, तिथली बरोबरच असते. मेलला चिकटलेल्या फाइलच्या नावावर क्लिक करून तीच उघडायची. तीन ठिकाणी पाहायचं: पहिल्या पानावरचा रिव्हिजन क्रमांक, एकूण रकमेची ओळ, आणि शेवटचं पान. शेवटचं पान यासाठी, की एक्सेलवरून काढलेल्या पीडीएफमध्ये एखादा रकाना छपाईच्या हद्दीबाहेर जाऊन शेवटी वेगळ्याच पानावर एकटा उतरतो, नाहीतर रकाना अरुंद पडून रकमेच्या जागी नुसत्या ##### अशा जाळ्या दिसतात. नावात "(1)" असेल तर सावध व्हावं. ब्राउझरने एकाच नावाची फाइल दुसऱ्यांदा उतरवताना तो आकडा लावलेला असतो, आणि त्या दोनांतली ताजी कुठली हे नावावरून कळत नाही. "final", "final_new" वगैरेंपेक्षा नावात R1, R2 आणि तारीख असावी, आणि तोच R2 पानावरही छापलेला असावा. मग नाव आणि पान एकमेकांचा ताळा होतात.

एक्सेल फाइल जशीच्या तशी पाठवायची वेळ आली तर लपवलेल्या शीट्स आधी पाहाव्यात. कुठल्याही शीटच्या टॅबवर उजवं क्लिक केलं आणि Unhide हा पर्याय चालू दिसला, म्हणजे आत काहीतरी झाकलेलं आहे, आणि आपल्याला दिसलं ते ग्राहकालाही दिसणार. बहुधा तिथेच आपला मटेरियलचा खर्च आणि मार्जिन बसलेलं असतं. पंचवीस एमबीच्या वर गेलं की जीमेल फाइल ड्राइव्हवर टाकून दुवा पाठवतो. तो दुवा आपल्याला नेहमीच उघडतो, कारण फाइल आपली असते. खाजगी विंडोत, लॉगिन न करता उघडून बघितला तरच दार ग्राहकासाठी उघडं आहे की नाही ते कळतं. ग्राहकाच्या पत्त्यालाच नेमून परवानगी दिली असेल तर ही परीक्षा चालत नाही, तिथे शेअरच्या यादीत त्याचा पत्ता वाचायचा.

तारखांबद्दल फार लिहायला नको. परवा हा शब्द ज्या भाषेत मागे आणि पुढे दोन्हीकडे जातो, त्या भाषेतल्या माणसाने "next Friday" बद्दल इंग्रजीला हसू नये. तारखेला वार जोडावा, "Thursday, 12 March 2026" असा, आणि कॅलेंडर उघडून दोन्ही जुळतात का पाहावं. वार आणि तारीख जुळले नाहीत तर निदान समोरचा विचारतो तरी, नुसती चुकीची तारीख तो निमूट मानून घेतो. 05/06 असं परदेशात कधी लिहू नये, अमेरिकेतला माणूस त्याला ६ मे वाचतो. त्याच्याशी कॉल ठरवताना आपले संध्याकाळचे सात म्हणजे न्यूयॉर्कला हिवाळ्यात सकाळचे साडेआठ आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून साडेनऊ. साच्यातली मुदतीची तारीख आणि एप्रिल उजाडल्यावरही कोटेशन क्रमांकात राहून गेलेलं जुनं आर्थिक वर्ष, या दोन जागा बोट ठेवून वाचाव्यात. "पंधरा दिवस वैध" लिहिण्यापेक्षा शेवटची तारीखच द्यावी.

आता ज्यांना मेल जायचाय ते. नवा मेल लिहिताना To ही जागा रिकामी ठेवावी आणि सगळ्यात शेवटी भरावी, म्हणजे चुकून कंट्रोल-एंटर दाबलं गेलं तरी मेल जागचा हलत नाही. उत्तर देताना ती आधीच भरलेली येते, तेव्हा पत्ता काढून मजकुराच्या पहिल्या ओळीत ठेवावा. हे करताना वेडेपणा वाटतो, पण चालतं. दोन अक्षरं टाइप केली की पत्ता सुचवला जातो, आणि एकाच नावाची दोन माणसं असतील तर पडद्यावर दोघांचंही नुसतं नाव दिसतं. नावावर माउस नेऊन @ च्या पुढचं वाचायचं. चाकणचे अमित आणि रांजणगावचे अमित तिथे वेगळे होतात. आउटलुकमध्ये जुना पत्ता सुचवला जात असेल तर त्याच्या शेजारच्या फुलीवर क्लिक करून तो यादीतून काढता येतो, आणि हे काम टाळण्यासारखं नाही. बीसीसीमध्ये साहेबांना ठेवून ग्राहकाला मेल करण्याची सवय कित्येकांना असते. साहेबांनी मोबाइलवरून रिप्लाय ऑल केलं की ते तिथे होते हे सगळ्यांना कळतं. त्यापेक्षा पाठवलेला मेल त्यांना वेगळा फॉरवर्ड करावा.

आणि तीन टिंबं. जीमेलमध्ये उत्तराच्या खाली "…" अशी एक छोटी डबी असते, आधीचा सगळा पत्रव्यवहार तिच्यात मिटून बसतो. आपल्याला दिसत नाही, ग्राहकाने डबी उघडली की त्याला दिसतो. मधल्या एखाद्या मेलमध्ये आपल्याच माणसाने "७८ पर्यंत उतरू, त्याखाली नाही" असं लिहून तो फॉरवर्ड केलेला असेल, तर ते वाक्यही सोबत जातं. टिंबांवर क्लिक करून अगदी तळापर्यंत जावं. साखळीत एकदाही आतल्या माणसांचं बोलणं झालं असेल तर तिच्यावर उत्तर न देता ग्राहकाच्या शेवटच्या मूळ मेलला उत्तर द्यावं.

एवढं करूनही शेवटची चूक बहुतेकदा सेंड दाबल्यावर दोन सेकंदांनी दिसते. जीमेलमध्ये पाठवलेलं मागे घ्यायला मुळात पाच सेकंद मिळतात. सेटिंग्जमध्ये Undo Send पुढे ती मुदत तीस करता येते, आणि ती तीसच असावी. आउटलुकचं रिकॉल आपल्याच कंपनीतल्या माणसापुरतं चालतं, चाकणला गेलेला मेल त्याने परत येत नाही. त्यापेक्षा क्लासिक आउटलुकमध्ये प्रत्येक मेल काही मिनिटं थांबवून धरणारा नियम लावता येतो. दोन मिनिटं पुरतात.

भोसरीवाल्यांपाशी सोमवारी यातलं काहीच उरलं नव्हतं, तेव्हा त्यांनी जे करायचं तेच केलं. त्याच साखळीत, त्याच सगळ्या माणसांना, चार ओळींचा मेल. शुक्रवारच्या मेलमधला ५,१७,७१० हा आकडा टाइप करताना चुकला आहे. जोडलेल्या R2 कोटेशनमधला ५,७१,७१० बरोबर आहे आणि तोच धरावा. खाली तिन्ही आकडे एकाखाली एक, आणि तीच पीडीएफ पुन्हा जोडलेली. दिलगिरीचं एकच वाक्य, कारणं काही नाहीत. यावेळी एकाने शीटवरून सुटे अंक वाचले आणि दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवलं, चहा बाजूला. मेल गेल्यावर दहा मिनिटांनी चाकणहून फोन आला. पर्चेसमधला मुलगा तरुण होता, मराठीच होता, पीओ भरायला बसला होता.

"सर, रक्कम एकदा सांगता का?"

"पाच लाख एकाहत्तर हजार सातशे दहा."

पलीकडे क्षणभर शांतता. "एकाहत्तर म्हणजे... सेव्हन वन ना?"